पत्ता काकांचा, पाटी तुमची

*ताई, मी मुलुंड पूर्वेला एका सोसायटीत वन बीएचकेमध्ये भाड्याने राहते. भाडं 32 हजार, डिपॉझिट एक लाख, करार संपायला पाच महिने आहेत. दोन वर्षं खणाच्या पर्स आणि बटवे शिवून इन्स्टाग्रामवर विकते. महिन्याला साधारण 45 हजारांचा माल जातो. आता एका मोठ्या ऑनलाइन बाजारात उतरायचंय, तर ते जीएसटी नंबर मागतायत. सीए म्हणाला, मालकाची एनओसी आणा. घरमालक काका भले आहेत पण घाबरट. करारात 'फक्त राहण्यासाठी' असं स्पष्ट लिहिलंय. नवरा म्हणतो, विचारूच नकोस, पुढचा करार करणार नाहीत. एजंट म्हणतो, करार आणि लाइट बिल टाकून द्या, एनओसीवरच्या सहीचं मी बघतो. लाइट बिल तर अजून काकांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. विचारू का? आणि विचारायचं तर नेमकं काय मागू?*

*— एक वाचक, मुलुंड*

एजंटाचं आधी निकालात काढते. 'सहीचं मी बघतो' म्हणजे काकांच्या नावाची खोटी सही. तो कागद पोर्टलवर चढेल तो तुमच्या लॉगिनने, तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून. त्यात एजंटाचं नाव कुठेच नसतं. खोट्या कागदावर मिळालेला नंबर रद्द होऊ शकतो, आणि तो रद्द होईल तेव्हा तुमचा माल बाजारात चढलेला असेल, ऑर्डरी आलेल्या असतील. सोडा ते.

त्याचं दुसरं म्हणणं मात्र तितकं चुकीचं नाही, म्हणून त्यावर थोडं थांबते. जीएसटीच्या अर्जात जागा कशी ताब्यात आहे हे विचारतात. तिथे तुम्ही 'Rented' निवडलंत की दोन गोष्टी लागतात: भाडेकरार आणि मालकाची मालकी दाखवणारा कुठलाही एक कागद. मालमत्ता कराची पावती किंवा लाइट बिल, असं काहीतरी. एप्रिल 2025 मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना लेखी सूचनाच दिली, की करार नोंदणीकृत असेल तर मालकाचं आधार, पॅन, दारात उभं राहून काढलेला फोटो असलं काही मागत बसू नका. थोडक्यात, नोंदणीकृत करार असलेल्या भाडेकरूसाठी एनओसी ही काही कर कायद्याची अट नाही.

मग सीए का मागतोय? त्याला पुढचं दिसतंय म्हणून. अधिकारी करार उघडतो, 'फक्त राहण्यासाठी' ही ओळ वाचतो आणि REG-03 नावाची शंका-नोटीस धाडतो. तिला उत्तर द्यायला कामाचे सात दिवस मिळतात. त्या सात दिवसांत काकांकडे धावत जाण्यापेक्षा कागद आधीच हातात असलेला बरा, असा त्याचा साधा हिशेब आहे. म्हणजे अडचण सरकारी फॉर्ममध्ये नाही, ती तुमच्या आणि काकांच्या करारातल्या एका ओळीत आहे. तुम्हाला काकांकडून सरकारी सोपस्काराची सही मागायची नाहीये. त्यांनी घातलेली एक अट त्यांनीच थोडी सैल करावी, एवढंच मागायचंय.

न सांगता उरकलं तर लपून राहील, हा यजमानांचा भरवसा मात्र चुकतोय. जीएसटी नंबर मिळाला की तो gst.gov.in वर टाकून कोणीही तुमचा व्यवसायाचा पत्ता वाचू शकतो. ऑनलाइन विकलेल्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. अर्जाची प्रत्यक्ष तपासणी लागली तर निरीक्षक गेटवर वॉचमनला विचारतो, "अमुक अमुक एंटरप्रायझेस कुठल्या मजल्यावर?" आणि मग काकांना ते वॉचमनकडून किंवा सेक्रेटरींकडून कळतं. आजचा घाबरट माणूस त्या दिवशी चिडलेला असेल, आणि करारातली अट मोडल्याचं कारण त्याच्या हातात असेल. तेव्हा विचारा. मात्र त्याआधी दोन गोष्टी स्वतःशी पक्क्या करा.

पहिली: जीएसटी आत्ताच हवाय का? तुमची वर्षाची विक्री साडेपाच लाखांच्या आसपास जाते. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्याला पूर्वी पहिल्या रुपयापासून सक्ती होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून त्या मर्यादेखालच्या वस्तू-विक्रेत्यांना ती सैल झाली, पण माल राज्यातल्या राज्यात विकला तरच, आणि पोर्टलवर वेगळा नोंद-क्रमांक घेऊन. एकदा का पर्स बंगळुरूला निघाली की नोंदणी आली. हाताने बनवलेल्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे, पण शिवणयंत्रावर शिवलेली खणाची पर्स त्या यादीत बसते का, हे सीएला तुमची पर्स दाखवूनच विचारा. तुम्हाला फक्त व्यवसायाच्या नावाने चालू खातं काढायचं असतं, तर उद्यम ही लघुउद्योगांची नोंदणी आणि गुमास्ता ही दुकान-आस्थापनांची नोंदणी एवढ्यावर भागलं असतं. उद्यम फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, त्यात मालकाचा एकही कागद चढवावा लागत नाही. गुमास्त्यातही तुमच्यासारख्या पगारी कामगार नसलेल्या धंद्याला परवाना नसतो, ऑनलाइन सूचना द्यायची असते. पण तुम्हाला देशभर विकायचंय, म्हणून जीएसटी लागणार असं धरून पुढे लिहिते.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत: करार कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे नोकरी करणारा नवरा करार करतो आणि धंदा बायको सुरू करते, हे फार दिसतं. करार यजमानांच्या नावावर असेल तर जीएसटीच्या लेखी तुम्ही भाडेकरूच नाही. मग तुमचा 'Rented'चा रस्ता बंद होतो, आणि भाडेकरूने आपल्या बायकोला पत्ता वापरायची संमती द्यायची, तीही मूळ करारात तसा अधिकार नसताना, असा गुंता होतो. तसं असेल तर पाच महिन्यांनी होणाऱ्या नव्या करारात दोघांचीही नावं लायसन्सी, म्हणजे घर वापरायला घेणारे, म्हणून घाला. तो करार तसाही नोंदवायचाच आहे, नाव वाढलं म्हणून स्टॅम्प वाढत नाही.

आता मुख्य प्रश्न, काय मागायचं. इथे बहुतेक जण एक चूक करतात. 'धंदा करायचाय तर मग कमर्शियल करार करून द्या' असं मालकाला म्हणतात, किंवा मालकच म्हणतो आणि हे मान डोलावतात. ते अजिबात करू नका. करार राहण्याचाच राहू दे. संमती वेगळ्या कागदावर घ्या. यात तुमचंही भलं आहे आणि काकांचंही.

तुमचं असं. 18 जुलै 2022 पासून जीएसटी नोंदणी असलेल्या व्यक्तीने राहण्याची जागा भाड्याने घेतली तर भाड्यावर 18 टक्के कर लागू झाला, आणि तो मालकाने नाही, भाडेकरूने स्वतः भरायचा. त्यावर ओरड झाल्यावर 1 जानेवारी 2023 पासून खुलासा आला: एकल मालकीचा धंदा करणारी व्यक्ती स्वतःच्या नावाने, स्वतःला राहायला घर घेत असेल आणि ते भाडं धंद्याच्या खात्यात टाकत नसेल, तर कर नाही. तुमची सुटका या एका वाक्यावर टांगलेली आहे. करार व्यापारी केलात की ती गेली. 32 हजारांचे 18 टक्के म्हणजे महिन्याला 5,760 रुपये, वर्षाला 69,120. त्यातलं काही विक्रीवरच्या करातून वळतं होईल, पण आधी रोख भरावी लागते. त्याच कारणासाठी भाडं धंद्याच्या खर्चात दाखवायचा मोहही आवरा. सीएने तुमच्या हिशेबात 'ऑफिस भाडं' अशी ओळ घातली असेल तर काढायला लावा. भाडं घरखर्चाच्या खात्यातूनच जाऊ दे.

काकांचं भलं कळायला त्यांची भीती समजून घ्यावी लागेल. तुम्ही त्यांना घाबरट म्हणालात. मुंबईत साठीपुढचा घरमालक घाबरतो, त्यामागे इतिहास आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांच्या ताब्यात लायसन्सवर घरं होती, त्यांना कायद्याने एका फटक्यात संरक्षित भाडेकरू मानलं. 'अकरा महिन्यांसाठी दिलं आणि जन्माचं गेलं' ही गोष्ट त्या पिढीने घराघरात ऐकलीये. घरात दुसऱ्याच्या नावाचा सरकारी कागद आला की त्यांना तीच आठवते.

आजचा कायदा तसा नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 मध्ये, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतर बसून राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरला जातो. पण बघा, हा झटपट रस्ता राहण्यासाठी दिलेल्या घराला आहे. करार राहण्याचा ठेवला तर काकांची सगळ्यात मजबूत ढाल शाबूत राहते. हे त्यांना नेमकं याच शब्दांत सांगा: "काका, करार आहे तसाच राहण्याचा ठेवायचा. तुमच्या हक्काला धक्का लागू नये म्हणूनच मी कमर्शियल मागत नाहीये." माझ्या अनुभवात या वाक्यानंतर मालकाच्या कपाळावरच्या निम्म्या आठ्या जातात.

उरलेल्या निम्म्या लाइट बिलाच्या आणि टॅक्सच्या असतात. मुलुंडला महावितरणची वीज आहे. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत तरतूद आहे, की घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटच्या आत असेल तर त्याला घरगुतीच दर लागतो. तुमच्या शिवणयंत्राची मोटर शंभर वॉटची धरली आणि रोज पाच तास, महिन्याचे पंचवीस दिवस चालवली, तरी साडेबारा युनिट होतात. इस्त्रीचे वीस-पंचवीस धरा. वर्षभराची बिलं काढून बेरीज करा आणि तो कागद काकांपुढे ठेवा. उन्हाळ्यात एसीमुळे आकडा 300 च्या पुढे जात असेल तर तेही लपवू नका. फरक आलाच तर तो मी भरेन, असं लिहून द्या.

मालमत्ता कराची धास्ती खरी असू शकते. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि काकांचा वन बीएचके त्यात बसत असेल तर ती माफी त्यांना जिवापाड जपायची असणार. ती राहत्या घरासाठी आहे. इथेही 'करार राहण्याचाच' हेच उत्तर उपयोगी पडतं. काही मालकांचं मात्र खरं कारण वेगळंच असतं. भाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवलेलं नसतं आणि त्यांना आपला पत्ता कुठल्याच पोर्टलवर नको असतो. काका विषय सारखा टाळायला लागले तर हे मनात ठेवा आणि फार रेटू नका.

आता माझीच एक गोष्ट. माझा एक लहान फ्लॅट मी भाड्याने देते. एका भाडेकरू मुलाने न विचारता तिथल्या पत्त्यावर धंदा नोंदवला होता, हे मला तो सोडून गेल्यावर वर्षाने कळलं. खालच्या पत्रपेटीत त्याच्या फर्मच्या नावाने खाकी पाकिटं साठलेली, त्यातली दोन कर खात्याची. मुलगा फोन उचलेना. नवीन भाडेकरणीला त्याच पत्त्यावर तिचं काम नोंदवायचं होतं, तर आधीच्या नोंदणीचा खुलासा करत बसावं लागलं. त्या मुलाने धंदा केला याचा मला राग नव्हता. जाताना पत्ता मागे टाकून गेला याचा होता. म्हणून सांगते, मालकाला तुम्ही आत काय करता याच्यापेक्षा तुम्ही गेल्यावर काय उरेल याची काळजी जास्त असते. तुमच्या पत्रात त्याचं उत्तर आधीच लिहिलेलं असेल तर काकांना ते विचारायची वेळ येणार नाही.

जीएसटीत मुख्य पत्ता बदलला की 15 दिवसांत REG-14 अर्ज करायचा असतो, आणि अधिकाऱ्याने तो मंजूर केला की नव्या पत्त्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवेपर्यंत डिपॉझिटमधले 10 हजार काकांकडेच राहतील, असं तुम्हीच सुचवा. काकांना पत्त्याच्या सुटकेची हमी मिळते, आणि तुमचं नुकसान काहीच नाही, कारण तो अर्ज तुम्हाला करायचाच आहे. भाडं वाढवून मागितलं तर मात्र विचार करा. जागेवर बोजा वाढत नसताना निव्वळ सहीसाठी हजार-दोन हजार वाढवणं मला पटत नाही. हमी द्या, भाडं नको.

संमतीपत्राचा मसुदा असा ठेवा. साध्या कागदावर चालतो, सीए त्याचं इंग्रजी करून देईल:

"मी, खाली सही करणारा, सदर सदनिकेचा मालक असून ती मी अमुक तारखेच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने श्रीमती अमुक यांना राहण्यासाठी दिली आहे. त्या सदर सदनिकेत राहून, स्वतः व कुटुंबीयांच्या हाताने कापडी पर्स व बटवे शिवण्याचे घरगुती काम करतात व ऑनलाइन विकतात. या कामासाठी जीएसटी, उद्यम व गुमास्ता नोंदणीत हा पत्ता देण्यास माझी संमती आहे. या संमतीने करारातील राहण्याचा उद्देश, मुदत व इतर अटी बदलत नाहीत आणि कोणताही भाडेकरू हक्क निर्माण होत नाही. तेथे दुकान, गिऱ्हाइकांची ये-जा, पगारी कामगार किंवा बाहेरील मालाचा साठा राहणार नाही. कामासंबंधीचे सर्व कर, शुल्क व वीजदरातील फरक यांची जबाबदारी त्यांची राहील. जागा सोडल्यापासून 15 दिवसांत त्या पत्ता बदलण्याचे अर्ज करतील व मंजुरीची प्रत मला देतील. ही संमती कराराच्या मुदतीपुरती आहे."

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. नवीन करार करताना यातली दोन वाक्यं त्याच्या अतिरिक्त अटींमध्ये घाला, म्हणजे अधिकाऱ्याला एकाच कागदात सगळं दिसतं.

'पगारी कामगार नाही, बाहेरचा माल नाही' हे मी उगाच घातलेलं नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत राहत्या इमारतीत 'घरगुती व्यवसाय' मान्य आहे, पण त्याची व्याख्या घट्ट आहे: घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता करायचा, तिथे तयार होतं तेवढंच विकायचं, धोकादायक काही नको, मोटरचा भार 0.75 किलोवॉटच्या आत. आणि इमारतीच्या बाहेरून इथे काही चालतं असं दिसता कामा नये. तुमचं शिवणकाम यात व्यवस्थित बसतं. हेच पत्र उल्हासनगरहून तयार पर्स आणून विकणाऱ्या बाईने लिहिलं असतं तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते. आणि दिवाळीच्या हंगामात दोन मुली पगारावर बसवायचा विचार असेल, तर त्यांना काम त्यांच्या घरी द्या किंवा गाळा बघा.

सोसायटीची एनओसी जीएसटीला लागत नाही, आणि ती मागायला तुम्ही सभासदही नाही. पण काकांनी सेक्रेटरींना एक साधं पत्र दिलं तर पुढची कटकट वाचते. त्यात कूरियरवाला रोज एकदा, ठरावीक वेळी, पार्सलं गेटवरून नेईल एवढं लिहा. सोसायटीच्या नव्वद टक्के तक्रारी लिफ्टमध्ये अडकलेल्या खोक्यांच्या असतात.

वडिलांच्या नावावरचं लाइट बिल ही तुमच्या अर्जातली सगळ्यात कच्ची जागा आहे. करारात मालक काका आणि बिलावर दुसरंच नाव, म्हणजे REG-03 आलीच म्हणून समजा. मालमत्ता कराचं बिल जुन्या सोसायट्यांमध्ये बऱ्याचदा सगळ्या इमारतीचं मिळून सोसायटीच्या नावाने येतं, त्यावरही काका सापडणार नाहीत. त्यांच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. तिथे वडिलांनंतर त्यांचं नाव चढलंय का बघा. चढलं असेल तर दोन्ही बाजूंची प्रत आणि बिल एकत्र जोडा. सगळ्यात चांगलं म्हणजे महावितरणकडे बिलावरचं नाव बदलायचा अर्ज तुम्ही काकांना भरून द्या. उद्या फ्लॅट विकताना त्यांनाही ते लागणारच आहे. आणि शेअर सर्टिफिकेटवरही वडीलच असतील, तर थांबा. मग तुमच्या अर्जाआधी काकांच्या घरातलं वारसाचं काम व्हायला हवं, आणि सही एकट्या काकांची पुरेल की भावंडांचीही लागेल, हा प्रश्न येतो.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. रविवारी सकाळी जा, यजमानांना बरोबर न्या, करार, वर्षभराची लाइट बिलं आणि मसुदा एका फाइलमध्ये ठेवा. लगेच सही मागू नका. "मुलांना दाखवा, तुमच्या सीएला विचारा, पंधरा दिवसांनी येते," असं म्हणून मसुदा ठेवून या. पाच महिने हातात आहेत.

नाही म्हणाले तर? मग या घराच्या पत्त्यावर नोंदणी नाही. नाशिकला आईचं घर आहे, तिथलं संमतीपत्र आणते, असं काही जणी म्हणतात. कागद मिळतो, पण शिवण मुलुंडला चालतं, हिशेबाची वही मुलुंडला, माल मुलुंडहून निघतो, आणि तपासणीला माणूस नाशिकला जातो. ज्या जागी काम होतं ती जागा नोंदणीत दाखवावीच लागते. पत्ता भाड्याने देणाऱ्या ऑफिसांचंही तेच. त्यापेक्षा पाच महिने महाराष्ट्रातच विका आणि पुढचं घर बघताना हे टोकन द्यायच्या आधी विचारा. टोकनआधी मालक ऐकून घेतो, नंतर ऐकवतो.

काका हो म्हणाले आणि नंबर आला, तर एक शेवटचं काम राहतं. नियमाप्रमाणे प्रमाणपत्र आत ठळक जागी लावायचं असतं आणि प्रवेशदाराच्या पाटीवर जीएसटी नंबर लिहायचा असतो. आणि घरगुती व्यवसाय इमारतीबाहेरून दिसता कामा नये, हे वर आलंच. दोन्ही सांभाळायचं तर बाल्कनीला बोर्ड नको, गेटवर नको. प्रमाणपत्र मशीनच्या वरच्या भिंतीवर. आणि फ्लॅटच्या दाराशी, बेलच्या खाली, पोस्टकार्डाएवढी अ‍ॅक्रिलिकची पाटी, त्यावर तुमच्या धंद्याचं नाव आणि पंधरा अंकी-अक्षरी नंबर. दुहेरी टेपने चिकटवा, खिळा ठोकू नका; दार काकांचं आहे.